सात सेंटिमीटर कुठे गेले? बीड जिल्ह्यातल्या एका मावशींचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून गाव, वय आणि घरातले काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीय बाजू घडली तशीच ठेवली आहे, माझी चूकसुद्धा.

पार्श्वभूमी

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं एक गाव. मावशींचं वय ६२. लग्नानंतर जवळजवळ पंचवीस हंगाम त्यांनी ऊसतोडीत काढले. नवरा-बायकोचा एक कोयता, मुकादमाची उचल, दिवाळीच्या आसपास निघायचं आणि उन्हाळा तोंडावर आला की परतायचं. उसाची मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेणं हे त्यांचं रोजचं काम होतं. ३३ व्या वर्षी त्यांची पिशवी काढली. कारण विचारलं तर ‘अंगावरून जायचं’ एवढंच सांगतात. कागद कुठलाच शिल्लक नाही.

आमच्या भागात ही गोष्ट इतकी सर्रास ऐकू येते की डॉक्टरही पुढचा प्रश्न विचारत नाहीत. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारला समिती नेमावी लागली, तेव्हा कुठे बीडचं नाव राज्यभर गेलं. त्या चर्चेचा रोख शस्त्रक्रिया गरजेची होती की नाही यावर होता आणि ते योग्यच होतं. पण अशा बाईच्या हाडांचं तीस वर्षांनी काय होतं, हा भाग माझ्यासारख्या तालुक्याच्या फिजिशियनसमोर येऊन बसतो.

पहिली भेट आणि माझी चूक

मे महिना होता. टँकरचं पाणी बॅरलमध्ये भरलेलं, त्यातून वाकून घागर भरून घेताना मावशींच्या पाठीत ‘कट्’ झालं. दुसऱ्या दिवशी मुलगा मोटारसायकलवर बसवून घेऊन आला. खडबडीत रस्त्यानं अर्धा तास. मणका पिचलेल्या बाईला आणायची याहून वाईट रीत नसेल, पण दुसरं काही हाताशी नव्हतं.

दुखणं बरगड्यांच्या खाली, मधोमध. कूस बदलताना आणि उठताना कळ, निजून राहिलं की आराम. मी स्नायू भरला असं समजलो. मुतखडाही डोक्यात होता, म्हणून पोटाचा समोरून एक एक्स-रे काढायला सांगितला. खडा नव्हता. एक इंजेक्शन, पाच दिवसांच्या गोळ्या आणि ‘आराम करा’ एवढ्यावर मी ते प्रकरण मिटवलं.

समोरून काढलेल्या फोटोत पिचलेला मणका सहज हुकतो. मणक्याचा पुढचा भाग खचतो आणि मागची कड बहुधा उभी राहते, म्हणून तो पाचरीसारखा होतो. पाचर बाजूनंच दिसते. बाजूचा फोटो काढला असता तर त्याच दिवशी निदान झालं असतं.

मधले चौदा महिने

तीव्र कळ दोन-अडीच महिन्यांत ओसरली, कारण असं फ्रॅक्चर त्याच आकारात भरून येतं. खचलेला मणका खचलेलाच जुळतो. पण पाठ थकायची, गुडघेही दुखायचे. कुणीतरी शेजारच्या तालुक्यातल्या एका माणसाकडे नेलं. तिथे नाव नसलेल्या कागदी पुड्या मिळायच्या. पहिल्याच दिवशी आराम पडला, भूक वाढली आणि चेहरा भरला. घरातले म्हणाले, आत्याला गुण आला. आठ महिने त्या पुड्या चालू होत्या.

मग सुनेच्या लक्षात वेगळंच आलं. फळीवरचा तिखटाचा डबा मावशी स्वतः काढायच्या, आता पाट घेऊन चढायला लागल्या. मावशींची तक्रार मात्र लुगड्याची होती.

“डॉक्टरसाहेब, लुगडं पायात यायलंय. नेसायची रीत तीच हाय, लुगडंबी तेच हाय. म्या खाली चाललेय का काय?”

इतकी नेमकी तक्रार मी क्वचित ऐकली आहे.

अडचण: मूळ उंची कोणती?

अनवाणी, अंबाडा सोडून, टाचा भिंतीला लावून तीनदा मोजलं. सरासरी १४३.६ सेंटिमीटर आली. पण आधी किती होती? मावशींची उंची उभ्या आयुष्यात कुणी मोजलीच नव्हती.

अशा वेळी दोन्ही हात आडवे ताणून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजतात. हाताची हाडं पाठीसारखी खचत नाहीत, त्यामुळे हे माप तरुणपणीच्या उंचीच्या जवळ राहतं. ते भरलं १५३. बऱ्याच लोकांत हे माप उंचीपेक्षा थोडं जास्तच असतं, म्हणून तेवढ्यावर विसंबलो नाही. मुलाकडे घरकुल बांधलं तेव्हाचा फोटो होता. मावशी चाळिशीच्या, नव्या दारात उभ्या, भांग बरोबर कडीच्या पातळीला. दार तेच होतं. मुलानं टेप लावून फोनवर सांगितलं, कडी जमिनीपासून १५१ सेंटिमीटरवर. फोटोच्या कोनानं एखाद सेंटिमीटर इकडेतिकडे होईल, पण दोन्ही मापं एकाच दिशेला बोट दाखवत होती. मूळ उंची साधारण १५० ते १५२. म्हणजे सात सेंटिमीटर गेले होते.

चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी सुमारे एक सेंटिमीटर उंची कमी होणं हे वयाबरोबर येतंच, सत्तरीनंतर वेग थोडा वाढतो. त्या हिशेबानं मावशींचे दोन-अडीच जायला हवे होते. तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त घट दिसली, किंवा मोजून ठेवलेल्या उंचीत दोन सेंटिमीटर फरक पडला, तर मणक्यांचा बाजूचा एक्स-रे काढावा असा सर्वसाधारण नियम आहे. इथे नियम पाहायचीही गरज नव्हती. डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकत नव्हती, आणि शेवटची बरगडी व कमरेचं हाड यांत माझी जेमतेम दोन बोटं मावत होती. “दोन घास खाल्ले की पोट भरतंय” असं त्या का म्हणत होत्या, तेही तिथेच कळलं. धड आखूड झालं की पोटाला जागा उरत नाही.

सात सेंटिमीटरचा हिशेब

बाजूच्या फोटोत तीन मणके पिचलेले दिसले. पाठीचा बारावा सर्वांत जास्त, पुढून जवळजवळ निम्मा. आठवा सुमारे एक तृतीयांश. कमरेचा पहिला साधारण पाव. घागरीच्या दिवशी बहुतेक बारावा गेला असावा. बाकीचे दोन कधी गेले ते मावशींना ठाऊक नाही, आणि यात नवल नाही. मणक्याची जवळपास दोन तृतीयांश फ्रॅक्चर्स कुणाच्या ध्यानातच येत नाहीत. ‘पाठ भरून आली’ म्हणत माणूस कामाला लागतो.

हा हिशेब मी सुनेला आणि मुलाला कागदावर मांडून दाखवला. आकडे अंदाजाचे आहेत, फोटोवर मोजून काढलेले नाहीत.

मणके खचल्यामुळे थेट गेले सुमारे दोन सेंटिमीटर.

मणक्यांमधल्या चकत्या, म्हणजे डिस्क, पातळ झाल्यानं गेले दीडेक. पाठीच्या कण्यात अशा २३ चकत्या असतात आणि कण्याच्या लांबीचा जवळपास चौथा भाग त्यांचाच असतो. चकतीच्या मधल्या गरात पाणी धरून ठेवणारी द्रव्यं असतात. दिवसभर उभं राहून त्यातलं पाणी थोडं पिळून निघतं आणि रात्री आडवं झाल्यावर परत शोषलं जातं. म्हणून सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा एक ते दीड सेंटिमीटर उंच भरतो. वय वाढतं तशी पाणी धरण्याची ताकद कमी होते. प्रौढ चकतीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, पोषण शेजारच्या हाडातून झिरपत येतं, त्यामुळे दुरुस्ती फार तोकडी होते. एकेक चकती एक-दोन मिलिमीटरनं बसली तरी बेरीज सेंटिमीटरमध्ये जाते. हे सगळ्यांचं होतं, आणि ते परत फुगवणारं औषध नाही. त्या नावाखाली जे विकलं जातं त्यावर पैसे घालवू नका, एवढं मी प्रत्येकाला सांगतो.

उरलेले तीन-साडेतीन गेले वाकण्यात. पाचरीसारखे मणके एकावर एक बसले की पाठ पुढे झुकते. हाड जितकं खचलं त्याहून जास्त उंची या बाकामुळे जाते. थोडा वाटा गुडघ्यांचाही होता. झिजेमुळे ते पूर्ण सरळ होत नव्हते.

हाड इतकं कच्चं का झालं?

मणक्याचा आतला भाग जाळीदार असतो. मांडव डोळ्यासमोर आणा. उभ्या मेढी भार घेतात, पण त्या वाकत नाहीत त्या आडव्या बांबूंमुळे. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झालं की हाड झिजण्याचा वेग भरण्याच्या वेगापुढे जातो, आणि आडवे धागे आधी तुटतात. मेढीला मधला आडवा आधार उरला नाही, म्हणजे तिची विनाआधार लांबी दुप्पट झाली, तर ती आधीच्या चौथ्या हिश्श्याच्या भारालाच वाकू शकते. म्हणून हाड थोडंसं कमी झालं तरी ताकद फार कमी होते. त्यात बॅरलवर वाकून हात पुढे करून पंधरा किलोची घागर उचलली, की सगळा भार मणक्याच्या पुढच्या कडेवर.

आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ च्या सुमारास जाते. मावशींच्या बाबतीत अंडाशयंही काढली होती का, हा प्रश्न होता. कागद नव्हते, म्हणून विचारलं: ऑपरेशननंतर अंगातून वाफा निघायच्या का? “टाके काढायच्या आधीच सुरू झाल्या, थंडीत गोधडी फेकून द्यायचे.” इतक्या लवकर आणि इतक्या जोरात वाफा सुरू होणं म्हणजे अंडाशयं बहुधा पिशवीबरोबरच गेली. नैसर्गिक पाळी जायच्या वयाच्या तेरा-चौदा वर्षं आधीच हाडांचं इस्ट्रोजेन तुटलं. त्यावर रोजची मिश्री, कारण तंबाखूही हाड खातो. आणि शेवटी त्या पुड्या.

पुड्यांचा निर्णय

गोल चेहरा, हातावर सहज उठणारे निळे डाग, पूर्वी नसलेली साखर. पुडीत स्टेरॉइड आहे हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तपासलं, ते खूप कमी आलं. म्हणजे शरीराची स्वतःची ग्रंथी झोपली होती. स्टेरॉइडमुळे मणक्यांना पहिल्या काही महिन्यांतच धोका वाढतो.

मुलाला पुड्या त्याच दिवशी फेकायच्या होत्या. मी थांबवलं. ग्रंथी झोपलेली असताना स्टेरॉइड एकदम तोडलं तर रक्तदाब कोसळू शकतो, उलट्या होतात, जीवावर बेततं. पुड्या बंद केल्या, पण त्याच सकाळपासून मोजलेल्या मात्रेत प्रेडनिसोलोन सुरू केलं आणि काही महिन्यांत टप्प्याटप्प्यानं उतरवलं. ‘स्टेरॉइडनं हाड गेलं आणि तुम्हीही स्टेरॉइडच देता?’ हा सुनेचा प्रश्न रास्त होता. त्यावर अर्धा तास गेला, आणि तो अर्धा तास सगळ्यांत कामी आला.

दुसरं काही नाही ना?

आपल्या भागात पिचलेला मणका दिसला की क्षयरोग आधी वगळावा लागतो. क्षयात बहुधा दोन मणक्यांमधली चकती आणि शेजारच्या कडा खाल्ल्या जातात. इथे चकत्या वयानं पातळ झाल्या होत्या, पण खाल्लेल्या नव्हत्या. ताप नव्हता, वजन घटलं नव्हतं, रात्री निजल्यावर दुखणं वाढत नव्हतं. मायलोमा हा रक्ताचा कर्करोगही मणके पिचवतो; त्यासाठी रक्तातल्या प्रथिनांची तपासणी केली, ती ठीक आली. ड जीवनसत्त्व मात्र ९ होतं. २० च्या खाली गेलं की आपण कमतरता म्हणतो. उन्हात जन्म गेलेल्या बाईचं ड जीवनसत्त्व कमी कसं, असं विचारतात. गेलं वर्षभर त्या घराबाहेर फारशा पडलेल्या नव्हत्या, आणि एरवीही अंगभर कपड्यांत ऊन त्वचेला लागतं किती?

डेक्सा ही हाडांच्या घनतेची तपासणी तालुक्याला होत नाही. त्यासाठी उपचार अडवले नाहीत, कारण किरकोळ ओझ्यानं मणका पिचला यातच ऑस्टिओपोरोसिसचं, म्हणजे हाडं ठिसूळ झाल्याचं, निदान आलं. पुढे कामानिमित्त छत्रपती संभाजीनगरला गेल्यावर त्यांनी ती केली. खुब्याचा टी-स्कोअर उणे ३.१ आणि कमरेचा उणे २.२. टी-स्कोअर म्हणजे तरुण, निरोगी हाडाच्या तुलनेत घनता किती कमी, आणि उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस धरतात. त्या रेघेनं कमर ‘बरी’ वाटते. पण खचलेल्या मणक्यात तेवढंच खनिज कमी जागेत दाबलेलं असतं आणि वयाबरोबर वाढलेले हाडांचे काटेही मोजले जातात, म्हणून आकडा फुगतो. रिपोर्ट नुसता कमरेचा असता तर एखाद्यानं ‘फार काही नाही’ म्हणून परत पाठवलं असतं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय सिमेंटचा. एका मोठ्या शहरात त्यांना ‘मणक्यात सिमेंट भरू, उंचीही थोडी येईल’ असं सांगितलं गेलं होतं. शेत गहाण टाकायची बोलणीही झाली होती. २००९ मध्ये दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांत काही रुग्णांना खरं सिमेंट भरलं आणि काहींवर नुसती तशी कृती केली. आराम दोन्हीकडे सारखाच पडला. ताज्या, असह्य दुखण्यात काही जणांसाठी त्यावर अजून वाद आहे, पण चौदा महिन्यांपूर्वीच्या, जुळून गेलेल्या फ्रॅक्चरला मी नाही म्हटलं.

दुसरा पर्याय टेरिपॅराटाइड. रोज एक इंजेक्शन, दोन वर्षांपर्यंत. हे नवं हाड घडवतं, आणि तीन मणके पिचलेल्या बाईला पुस्तकाप्रमाणे हेच आधी द्यावं. पण ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, खर्च महिन्यागणिक येतो, आणि संपल्यावर दुसरं औषध दिलं नाही तर कमावलेलं हाड निघून जातं. घरी फ्रिज नव्हता.

तिसरा, आठवड्याला एक ॲलेंड्रोनेटची गोळी. स्वस्त आणि चांगली, पण ती उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घेऊन निदान अर्धा तास आडवं न होता ताठ राहावं लागतं, नाहीतर अन्ननलिका भाजते. मावशींची पाठ वाकलेली आणि आंबट ढेकर रोजचे.

चौथा, झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाईन, वर्षातून एकदा. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत यानं तीन वर्षांत मणक्यांची नवी फ्रॅक्चर्स सुमारे ७० टक्क्यांनी कमी केली. घर हंगामात सहा महिने कुठे असेल ते सांगता येत नसताना वर्षातून एकदाच यायचं, हे जमण्यासारखं होतं. आम्ही तेच ठरवलं.

प्रत्यक्ष काय केलं

सलाईन लगेच लावलं नाही. ड जीवनसत्त्व ९ असताना हे औषध दिलं तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक खाली जाऊ शकतं. आठ आठवडे दर आठवड्याला ६०,००० युनिट, सोबत कॅल्शियम. मूत्रपिंडाची तपासणी केली. दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं. मिश्रीनं हललेल्या दोन दाढा आधी काढून जखम भरू दिली, कारण औषधानंतर दाढ काढली तर जबड्याचं हाड क्वचित मरतं. सलाईननंतर दोन दिवस ताप आणि अंगदुखी येईल हे आधीच सांगून ठेवलं होतं. ताप आला. घरच्यांनी पॅरासिटामॉल दिलं, कुणी घाबरलं नाही.

घरात बदल केले ते असे: घागर बंद, पाच लिटरचा कॅन, बॅरल विटांवर चढवला, तोटी बसवली, झाडू लांब दांड्याचा. पुढे वाकायचे व्यायाम पूर्ण बंद. त्यांच्या ओळखीतल्या एकानं पाय ताणून अंगठे धरायला शिकवलं होतं, ते पहिल्यांदा थांबवलं. त्याऐवजी पालथं झोपता येत नव्हतं म्हणून खुर्चीत बसून खांदे मागे नेणं, भिंतीला टेकून उभं राहणं.

काय निष्पन्न झालं

वर्षानंतर सकाळी मोजलेली उंची १४३.२. मोजण्यातच चार-पाच मिलिमीटर फरक पडतो, म्हणून मी ती तशीच धरली. बाजूच्या फोटोत नवा मणका गेलेला नाही. कॉर्टिसॉल सावरलं, साखर खाली आली. दुखणं गेलं नाही, “पहिल्यासारखं न्हाई, पर हाय.” मिश्री कमी झाली, सुटली नाही. गेलेले सात सेंटिमीटर परत येणार नव्हते आणि आले नाहीत. सुनेनं लुगड्याचा काठ आत दुमडून शिवून दिला.

दुसरं सलाईन सहा आठवडे उशिरा झालं, कारण नातवंडांना सांभाळायला मावशी फडावर गेल्या होत्या आणि मुक्काम कोपीत होता.

पुन्हा करायचं झालं तर

पन्नाशीपुढच्या बाईची पाठ वाकून काही उचलताना अचानक दुखली, तर मी आता पहिल्याच दिवशी बाजूचा फोटो काढतो. दवाखान्याच्या भिंतीवर उंची मोजायची पट्टी लावली आहे आणि आकडा केसपेपरवर वजनाशेजारी जातो. त्या मे महिन्यात हे केलं असतं, तर मावशींवर आठ महिने पुड्या खायची वेळ कदाचित आली नसती.

टेरिपॅराटाइडबद्दल माझं मन अजून पूर्ण साफ नाही. गावातल्या दूध संकलनाच्या फ्रिजमध्ये एक पेन ठेवता आलं असतं का, हे मी विचारलंच नाही. घरी फ्रिज नाही एवढं ऐकलं आणि पुढे गेलो.

आणखी एक प्रश्न उशिरा विचारला. प्रत्येक भेटीला सोबत येणारी, हिशेबाचा कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवणारी सून ३६ वर्षांची आहे. तिसऱ्या भेटीला तिला विचारलं. तिचीही पिशवी २९ व्या वर्षी काढली आहे. वाफा येत नाहीत म्हणाली. अंडाशयं राहिली असतील, पण तशीही ती थोडी लवकर थकू शकतात. तिचा कागद मात्र घरात होता. पुढच्या वेळी आणायला सांगितला, आणि तिला पट्टीपाशी उभं केलं.

“मला कशाला साहेब? मला काय झालंय?”

१५४.५ सेंटिमीटर. तारीख घालून लिहून ठेवलं.